सगळेच केले, पण लिहायचे कसे?
नव्या कंपनीत विक्री, भरती आणि कारभार एकट्याने सांभाळणाऱ्यांच्या बायोडाटाविषयी

छोट्या धंद्यात एका माणसाकडे एकच काम, असे सहसा नसते. कारखान्यातला मालकाचा भरवशाचा माणूस सकाळी कच्चा माल मोजून घेतो, दुपारी नमुन्यांची पिशवी घेऊन पेठेत फिरतो आणि संध्याकाळी नव्या कारागिराच्या हाताची परीक्षा घेतो. बाजारात त्याला कोणी "तुझे नक्की काम काय?" असे विचारत नाही. दहा वर्षे सारे त्याला पाहत असतात आणि त्याची किंमत जाणून असतात. पण हाच माणूस नोकरीसाठी कागद घेऊन परक्या कचेरीत गेला, की तेथे त्याला ओळखणारे कोणी नसते. तेथे कागदच बोलतो आणि कागद नीट बोलला नाही तर दहा वर्षांची मेहनत दहा ओळींत वाया जाते.

हीच अडचण आज आपल्या घरांतील अनेक शिकलेल्या मुलामुलींपुढे उभी आहे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली आणि नव्या कंपन्यांना 'स्टार्टअप' म्हणण्याची रीत गावोगाव पोहोचली. अशा कंपनीत चार-पाच माणसांवर सारा डोलारा असतो. नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा तेथे रुजू होतो, पहिल्या वर्षी गिऱ्हाईक आणतो, दुसऱ्या वर्षी माणसे भरतो आणि तिसऱ्या वर्षी रोजचा कारभार चालवतो. नंतर मोठ्या कंपनीत अर्ज करताना तो ही तिन्ही कामे एकाखाली एक लिहून टाकतो. उत्तर येत नाही. कोणी ओळखीचा असला तर एवढेच कळवतो की, "मुलगा हुशार दिसतो, पण त्याला नक्की काय येते ते कळले नाही."

हा दोष अनुभवाचा नाही, मांडणीचा आहे. ती कशी सुधारायची ते एका उदाहरणावरून पाहू.

कागद वाचणाऱ्याची बाजू

प्रथम समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा विचार करावा. त्याच्याकडे एक रिकामी जागा असते आणि टेबलावर शंभर-दोनशे अर्ज. प्रत्येक अर्ज उचलताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : ही जागा हा माणूस चालवील काय? पहिल्या वाचनात तो पूर्ण कागद वाचत नाही. शेवटचा हुद्दा, कंपनीचे नाव, तारखा आणि पहिल्या दोन-तीन ओळी एवढ्यावर नजर टाकून तो अर्ज ठेवतो किंवा बाजूला सारतो.

आता त्याला विक्री, भरती आणि कारभार अशी तीन कामे सारख्याच वजनाने लिहिलेली दिसली, तर तो मनातल्या मनात भागाकार करतो. तीन वर्षांत तीन कामे, म्हणजे प्रत्येकाला एक वर्ष. त्याच्या जागेला तीन वर्षांचा माणूस हवा असतो, म्हणून अर्ज बाजूला जातो. प्रत्यक्षात त्या मुलाची तीनही वर्षे एकाच गोष्टीत गेलेली असतात : कंपनीची जी बाजू अडली असेल ती मोकळी करण्यात. पण ही गोष्ट कागदावर कोठेच नसते. तीन कामांना बांधणारा धागा लिहिला, तर वाचणारा भागाकार करीत नाही, बेरीज करतो.

एक उदाहरण

समजा, एका शिंप्याचा मुलगा आहे. शिक्षण बी.कॉम. पुण्यात कार्यालयांना दुपारचे जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एका नव्या कंपनीत तो दोन वर्षे नऊ महिने होता. नेमणूकपत्रावरचा हुद्दा 'बिझनेस असोसिएट'. या शब्दांतून काहीच कळत नाही, पण नव्या कंपन्यांतले हुद्दे असेच असतात. आता त्याला चाकणच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांच्या एका गोदामात कारभार पाहणाऱ्याची, म्हणजे ऑपरेशन्सची जागा हवी आहे. त्याने पहिल्यांदा लिहिलेला मजकूर असा :

"विक्री, मार्केटिंग, भरती, प्रशिक्षण, ऑपरेशन्स, पुरवठादार, ग्राहकांच्या तक्रारी इत्यादी सर्व कामे पाहिली. मालकांना थेट मदत केली. अनेक जबाबदाऱ्या एकाच वेळी पार पाडल्या."

यातला एकही शब्द खोटा नाही, तरीही वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'पाहिली' म्हणजे स्वतः केली की नुसती उभे राहून पाहिली? 'इत्यादी' म्हणजे काय? कंपनी पाच माणसांची होती की पाचशेची? 'अनेक जबाबदाऱ्या' हे तर प्रत्येक अर्जात असते.

पहिली पायरी : अडचणींचे कॅलेंडर

अशा मुलाने बायोडाटा लिहायला लगेच बसू नये. आधी एका कोऱ्या कागदावर महिन्यांचे कॅलेंडर काढावे आणि प्रत्येक टप्प्यापुढे 'मी काय केले' असे न लिहिता 'त्या वेळी कंपनीचे काय अडले होते' हे लिहावे. आपल्या मुलाचे कॅलेंडर असे निघाले.

पहिले अकरा महिने गिऱ्हाईक नव्हते. तो रुजू झाला तेव्हा सहा कार्यालयांत मिळून रोज १८० डबे जात. भटारखान्याची ताकद त्याहून कितीतरी जास्त होती आणि बावर्ची दुपारी बारालाच मोकळे होत. म्हणून तो नमुन्याचे डबे घेऊन कार्यालयांच्या दारात जाऊ लागला. अकरा महिन्यांत त्याने एकट्याने तेरा कार्यालये आणली आणि रोजचे डबे ६४० झाले.

बाराव्या महिन्यापासून अडचण बदलली. डबे वाढले, पण पोहोचवणारी माणसे टिकेनात. दुपारी एकच्या आत पोहोचायला हवेत असे शंभरातले ११ डबे उशिरा जाऊ लागले, म्हणजे रोज सत्तरेक माणसे उपाशी बसून घड्याळ पाहत होती. दोन कार्यालयांनी डबे बंद केले. तेव्हा मुलाने मालकांना सांगितले की, सहा आठवडे नवे गिऱ्हाईक घ्यायचे नाही. तो माणसे भरायला बसला.

सुरुवातीला भरलेल्या पंधरांपैकी आठ जण दोन महिन्यांतच निघून गेले होते. त्याने त्या आठांना फोन करून कारण विचारले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : काम घेताना सकाळी किती वाजता यायचे आणि पेट्रोलचे पैसे कधी मिळणार हे कोणी सांगितलेच नाही. यानंतर त्याने दोन गोष्टी सुरू केल्या. नव्या माणसाला आधी एक दिवस, त्या दिवसाची मजुरी देऊन, जुन्या माणसाबरोबर फेरीवर पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याने 'हो' म्हटले तरच घ्यायचे. पेट्रोलचे पैसे महिनाअखेरीऐवजी दर शनिवारी द्यायचे. त्यानंतर घेतलेल्या बत्तीस जणांपैकी पाचच गेले.

सोळाव्या महिन्यापासून शेवटपर्यंत अडचण होती ती पॅकिंग आणि फेऱ्यांची. माणसे टिकली, तरी डबे भटारखान्यातून उशिरा निघत. सगळे डबे एकाच टेबलावर जेवणाच्या प्रकारानुसार भरले जात आणि नंतर पत्ते पाहून वेगळे केले जात. त्याने भागानुसार टेबले लावली. ज्या भागाला जायला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याचे डबे आधी भरायचे. पेटीत शेवटच्या कार्यालयाचा डबा तळाशी आणि पहिल्याचा वर ठेवायचा. चार महिन्यांत उशिराचे डबे शंभरात ११ वरून ३ वर आले. त्यानंतर विक्री पुन्हा मोकळी केली. तो नोकरी सोडून निघाला तेव्हा ४१ कार्यालयांत रोज १,४५० डबे जात होते.

हे कॅलेंडर झाल्यावर धागा आपोआप दिसतो. आधी गिऱ्हाईक, मग माणसे, मग पोहोच. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघाली. तीन वेगवेगळी दुकाने मांडलेली नाहीत, एकच धंदा १८० वरून १,४५० वर नेला आहे.

दुसरी पायरी : जागा ठरवून क्रम लावणे

धागा मिळाला म्हणून सगळे कॅलेंडर बायोडाटात उतरवायचे नसते. ज्या जागेसाठी अर्ज आहे ती समोर ठेवायची आणि त्या जागेचे काम पहिले, जास्त जागा देऊन लिहायचे. बाकीची दोन कामे पुसायची नाहीत, पण त्यांना पहिल्या कामाच्या मदतीला उभे करायचे. ढोबळ हिशेब असा : निम्मी जागा मुख्य कामाला, उरलेली निम्मी बाकीच्या दोघांना.

गोदामाच्या जागेसाठी आपल्या मुलाचा मजकूर आता असा होतो :

"बिझनेस असोसिएट, रोजच्या पुरवठ्याचा कारभार. पुणे. २ वर्षे ९ महिने.

कार्यालयांना दुपारचे डबे पुरवणारी नवी कंपनी. रुजू होताना ४ कर्मचारी, सोडताना ३८. रोजचे डबे १८० वरून १,४५०.

पोहोच : भागानुसार पॅकिंग आणि फेऱ्यांची नवी आखणी केली. एकनंतर पोहोचणारे डबे चार महिन्यांत शंभरात ११ वरून ३ वर आणले. पुढे डबे दुपटीहून अधिक वाढले, तरी हे प्रमाण टिकवले.

क्षमता : पोहोच बिघडताच सहा आठवडे नवी विक्री थांबवण्याचा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला आणि तो अमलात आणला.

माणसे : पोहोच, पॅकिंग आणि कचेरीसाठी ४७ जणांची भरती. एक दिवसाची सशुल्क चाचणी फेरी सुरू केली. आधीच्या १५ पैकी ८ जण दोन महिन्यांत गेले होते, नंतरच्या ३२ पैकी एकूण ५ गेले.

विक्री : पहिल्या टप्प्यात कारभार चालण्याइतके काम उभे करण्यासाठी १३ आणि नंतर ९ कार्यालये स्वतः आणली."

पहिल्या मजकुरातलीच कामे यात आहेत, पण आता हा माणूस कोण आहे याबद्दल शंका राहत नाही. हा कारभाराचा माणूस आहे. त्याने माणसे भरली ती कारभार चालावा म्हणून आणि गिऱ्हाईक आणले तेही कारभाराला काम मिळावे म्हणून. गोदामाच्या व्यवस्थापकाला डब्यांशी काही देणेघेणे नाही. पण पाठवायचा माल जास्त, वेळ ठरलेली आणि माणसे टिकत नाहीत, हे दुखणे त्याचेही आहे. ते त्याला पहिल्या तीन ओळींत दिसते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. काही जण ही तीन कामे तीन वेगळ्या नोकऱ्यांसारखी मांडतात, प्रत्येकीला वेगळा हुद्दा आणि वेगळ्या तारखा देतात. तसे करू नये. नोकरी एकच होती, मालक एकच होता. चौकशीत हे उघड होते आणि मग खऱ्या कामावरही संशय येतो.

तिसरी पायरी : हुद्दा आणि तारखा

नव्या कंपन्यांत हुद्द्यांची खैरात असते. पाच माणसांच्या कंपनीत एखाद्याला 'चीफ ऑपरेटिंग ऑफिसर' म्हणून टाकतात, नाहीतर कोणाला काहीच हुद्दा देत नाहीत. नियम साधा आहे. नेमणूकपत्रावर जो हुद्दा आहे तोच लिहावा आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन कामाचे दोन शब्द जोडावेत. आपल्या मुलाने 'बिझनेस असोसिएट, रोजच्या पुरवठ्याचा कारभार' असेच लिहिले. मोठा हुद्दा खरोखर मिळाला असेल तर तोही लिहावा, पण शेजारीच कंपनीची माणसे किती होती ते सांगावे. चार माणसांचा 'चीफ' आणि चारशेंचा 'चीफ' यात वाचणाऱ्याला फरक कळतोच. तो आपणच सांगितला तर प्रामाणिकपणा दिसतो.

तारखांबाबत छोट्या कंपनीतील माणसाला एक खास धोका असतो. बड्या कंपन्या नेमणुकीआधी जुन्या नोकरीची पडताळणी करतात आणि त्यात भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची नोंद पाहिली जाते. पण हा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो. चार माणसांची कंपनी वीसवर पोहोचायला वर्ष गेले, तर मुलाची पीएफची नोंद त्याच्या रुजू होण्यानंतर वर्षाने सुरू होते. बायोडाटावरची तारीख आणि पीएफवरची तारीख जुळत नाही आणि पडताळणी करणारा प्रश्न विचारतो. म्हणून नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि सोडल्याचे पत्र ही तीन कागदपत्रे सुरुवातीपासून जपून ठेवावीत. कंपनी बंद पडली तर नंतर ती मिळत नाहीत आणि नव्या कंपन्या बंद पडणे काही दुर्मिळ नाही.

चौथी पायरी : आकडे, आणि त्यांचा जाब

आकडा लिहिला की त्याच्या मागून तीन प्रश्न येतात. हा मोजला कसा? आधी किती होता? यात तुमचा वाटा किती? ज्या आकड्याला ही तीन उत्तरे नाहीत तो लिहू नये.

आपल्या मुलाने 'उशिराचे डबे शंभरात ३' असे लिहिले, तर तो सांगू शकतो की प्रत्येक कार्यालयात डबे देताना सही आणि वेळ घेतली जाई आणि संध्याकाळी तो त्या चलनांवरून एकनंतरचे डबे मोजत असे. विक्रीतही तसेच. कंपनीची कार्यालये ६ वरून ४१ झाली, पण ती सगळी त्याने आणलेली नाहीत. काही मालकांनी आणली, काही नंतर आलेल्या विक्रेत्याने. म्हणून तो ४१ चे श्रेय घेत नाही, २२ चे घेतो. डबे १८० वरून १,४५० झाले हा आकडा तो कंपनीच्या वर्णनात ठेवतो, स्वतःच्या कामगिरीत नाही. ज्याला हा फरक ठेवता येतो त्याच्यावर मुलाखत घेणारा विश्वास ठेवतो.

आकडे ठेवलेच नसतील तर? अंदाजाने टक्के लिहू नयेत. ज्या गोष्टी मोजता येतात त्या लिहाव्यात : किती माणसे हाताखाली होती, किती पाळ्या, किती गाड्या, दिवसाला किती ऑर्डरी, किती पुरवठादार. 'कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली' यापेक्षा '३ गाड्या आणि ११ माणसांची सकाळची पाळी लावली' हे कितीतरी बोलके आहे. कंपनीचे भाव, नफा किंवा गिऱ्हाइकांची नावे मात्र लिहू नयेत. जुन्या मालकाची गुपिते सांगणारा उद्या आपलीही सांगेल, असे नवा मालक धरून चालतो.

जागा बदलली तर

हाच मुलगा विक्रीच्या जागेसाठी अर्ज करील, तर त्याने नवा माणूस बनायचे नाही, क्रम उलटा करायचा. पहिल्या ओळीत २२ कार्यालये येतील : कोणाच्या ओळखीशिवाय, नमुन्याचा डबा घेऊन, दारावर जाऊन आणलेली. दुसऱ्या ओळीत, जेवढे पोहोचवता येईल तेवढेच विकण्याची शिस्त. कारभाराचे काम तिसऱ्या ओळीत येईल आणि ते विक्रीच्या बाजूने बोलेल : "विकलेला माल वेळेवर कसा पोहोचतो हे स्वतः चालवून पाहिले असल्याने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळता येतो."

भरतीच्या जागेसाठी मात्र हात राखून लिहावे. डबे पोहोचवणाऱ्यांची आणि पॅकिंगच्या माणसांची भरती हा खरा अनुभव आहे आणि मोठ्या संख्येने कामगार घेणाऱ्या कंपनीला तो उपयोगी पडतो. पण पगारपत्रक, पीएफ-ईएसआयचे भरणे, कामगार कायदे हे वेगळे काम आहे. ते केलेले नसेल, तर 'मनुष्यबळ व्यवस्थापन' असा मोठा शब्द वापरून ते केल्याचा भास निर्माण करू नये. पहिल्या पाच मिनिटांत तो फुटतो. 'पोहोच, पॅकिंग आणि कचेरीच्या ४७ माणसांची भरती' एवढेच लिहिले तर जेवढे आहे तेवढे उभे राहते.

एक जागा अशी आहे जेथे रुंदी हाच गुण मानला जातो. नव्या कंपन्यांत मालकाच्या हाताशी राहून जे अडेल ते करणारा माणूस हवा असतो. जाहिरातीत त्याला 'फाउंडर्स ऑफिस' किंवा 'चीफ ऑफ स्टाफ' म्हणतात. तेथे तिन्ही कामे ठळक लिहावीत, पण तेथेही यादी नको. काय अडले, काय केले आणि त्यातून पुढची कोणती अडचण निघाली, हा क्रम तसाच ठेवावा. मालकाला सगळे येणारा माणूस नको असतो. पुढे काय अडणार हे आधी ओळखणारा हवा असतो.

मुलाखतीत

कागदाने दार उघडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्या कागदावर विक्री आहे, भरती आहे, कारभारही आहे. तुम्ही नक्की कोण?" येथे पुष्कळ मुले "सर, मी सगळेच करतो" असे म्हणतात आणि मेहनतीने बांधलेला कागद फाडून टाकतात. उत्तर मिनिटभराचे असावे आणि त्याची सुरुवात जागेच्या नावाने व्हावी :

"मी कारभाराचा माणूस आहे. कंपनी लहान होती, म्हणून सुरुवातीला कारभाराला काम मिळावे यासाठी गिऱ्हाईक मीच आणले. काम वाढले तेव्हा माणसे टिकेनात, म्हणून भरती हातात घेतली. माणसे टिकली तेव्हा अडचण पॅकिंगमध्ये आहे हे दिसले आणि पुढचे दीड वर्ष मी तेच केले. मला तेच काम पुढे करायचे आहे, म्हणून तुमच्याकडे आलो."

दुसरा प्रश्नही ठरलेला असतो : "या तिन्हींपैकी कशात तुम्ही कमी आहात?" याचेही खरे उत्तर तयार असावे. आपला मुलगा सांगेल की दोन-चार महिन्यांच्या बोलणीने होणारे मोठे सौदे त्याने केलेले नाहीत. त्याचे गिऱ्हाईक डबा चाखून आठवड्यात ठरवणारे होते. असे उत्तर दिल्याने माणूस लहान होत नाही, त्याच्या बाकीच्या बोलण्याला वजन येते.

कागद जमला की नाही, हे कसे ओळखावे?

याची कसोटी सोपी आहे. त्या धंद्यातला नसलेला, पण वाचता येणारा एखादा माणूस गाठावा. अब्बांच्या दुकानावरचा हिशेबनीस चालेल, शेजारचे मास्तर चालतील. त्यांच्या हाती कागद द्यावा, दहा सेकंदांनी परत घ्यावा आणि विचारावे : "हा अर्ज कोणत्या जागेसाठी आहे?" जागेचे नाव आले तर कागद जमला. "मुलगा बरेच काही करतो" असे उत्तर आले तर क्रम पुन्हा लावावा. "हुशार आहे" असे आले, तरीही नापासच.

आणखी एक तांत्रिक बाब. आता पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि जाहिरातीतले शब्द शोधतो. दोन रकान्यांत किंवा चौकटींत मांडलेला मजकूर संगणक कधी कधी उलटसुलट वाचतो. म्हणून एकाच रकान्यात, साध्या अक्षरांत लिहावे आणि जाहिरातीत ज्या नावाने काम मागितले आहे ते नाव, खरे असेल तर, आपल्या ओळीत एकदा तरी यावे. अर्ज इंग्रजीत करायचा असला तरी आधीचा विचार ज्या भाषेत सुचतो त्याच भाषेत करावा. मग भाषांतर करताना 'इत्यादी'ला जागा राहत नाही.

घरच्या धंद्यातल्या मुलांसाठी, आणि मालकांसाठीही

वरचे सारे घरच्या धंद्यात वाढलेल्या मुलांनाही लागू आहे. अब्बांच्या कारखान्यात चार वर्षे घालवलेली मुले 'घरच्या धंद्यात मदत' एवढेच लिहून मोकळी होतात आणि वाचणारा ते वर्ष रिकामे धरतो. त्यांनीही कॅलेंडर काढावे. किती मशिने होती, किती कारागीर, माल कोठे जात होता, काय अडले, कोणी सोडवले. हुद्दा नसेल तर 'कारखान्याचा कारभार, घरचा व्यवसाय' असे सरळ लिहावे. जीएसटीची नोंदणी, बँकेचे व्यवहार, एखाद्या जुन्या व्यापाऱ्याचा फोन नंबर, हे पुरावे नेमणूकपत्राच्या जागी उभे राहतात. मात्र त्या व्यापाऱ्याला आधी विचारूनच त्याचा नंबर द्यावा.

आपले वाचक बहुतेक मालक आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. उद्या असा तीन कामे लिहिलेला कागद आपल्या टेबलावर आला, तर लगेच बाजूला सारू नका. त्या मुलाला तीन गोष्टी विचारा. तू आलास तेव्हा काय अडले होते? ते सुटल्यावर पुढे काय अडले? तू गेल्यावर ते काम कोण पाहते? पहिल्या दोन प्रश्नांना सरळ, आकड्यांसह उत्तर आले तर त्याने काम पाहिले नाही, केले आहे. तिसऱ्या प्रश्नाला त्याने एखाद्याचे नाव घेतले आणि त्याला आपण महिनाभर शिकवून निघालो असे सांगितले, तर ते काम त्याच्यावाचूनही चालेल असे करून तो निघाला आहे. ज्याच्या कारखान्यात सारे काही एकाच माणसाच्या डोक्यात असते, त्या मालकाला अशा माणसाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.